मुलाखत देऊन आलात, आता दुकानदाराला काय लिहाल?

मैत्रिणींनो, आमच्या प्रभागसंघातली एक ताई तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात बिलं करायच्या कामासाठी मुलाखत देऊन आली. शेठ म्हणाले, "आठ दिवसांत कळवतो." दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर लिहिलं, "सर, कामाचं काय झालं? घरची परिस्थिती बिकट आहे, काम द्यावे ही विनंती." पाठवायच्या आधी मला दाखवलं, ते बरं झालं.

त्या दिवशी पाच-सहा जणी येऊन गेल्या होत्या. यातली ही कोण, हे शेठना कसं कळणार? शिवाय मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, की रविवारी बाजार असतो, सकाळी आठला याल का? ही म्हणाली होती, "घरी विचारून सांगते." म्हणजे निरोपाची वाट शेठच बघत होते! मग आम्ही असं लिहिलं:

"नमस्कार शेठ. मी (नाव, गाव). सोमवारी बिलाच्या कामासाठी आले होते, बचत गटाचं कॅशबुक लिहिते ती. रविवारचं घरी बोलले. एसटी साडेसातला पोचते, त्यामुळे आठला येऊ शकेन. संध्याकाळी शेवटची गाडी सव्वासहाची आहे, म्हणून सहाला निघावं लागेल. बिलाचं सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, शिकून घेईन. काम कधीपासून आहे ते कळवावं. हा नंबर माझाच आहे."

सहाची अट लिहू का नको, यावर ती अडली होती. मी म्हटलं, लिहाच. नाहीतर पहिल्याच आठवड्यात गाडीवरून वाद होईल. पगाराचा आकडा बोलणं झालं असेल तर तोही एका ओळीत लिहावा, म्हणजे दोघांच्या लक्षात एकच राहतो.

समोर ज्या नावाने हाक मारली, तीच लिहिताना ठेवा; शेठ म्हणालात तर शेठ, काका म्हणालात तर काका. फोन यजमानांचा असेल तर तसं सांगा, नाहीतर परत फोन आला की घरातला माणूस "राँग नंबर" म्हणून मोकळा! आवाजातला निरोप नको, गिऱ्हाईक समोर असताना तो ऐकता येत नाही. बाजाराचा दिवस टाळून दुपारी दोन-तीनला पाठवा.

दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर लगेच दुसरा निरोप पाठवू नका. त्यांनी सांगितलेले आठ दिवस जाऊ द्या, मग दुपारी एकच फोन करा. तोवर दुसरीकडे विचारायला काय हरकत आहे?

ताईला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. रविवार चालेल, पण खरिपाच्या हंगामात सातपर्यंत थांबावं लागेल. आता ती गावाकडे त्या वेळी परतणारं कुणी सोबतीला मिळतंय का, ते बघतेय.