अंग तापलेले, तरी हुडहुडी का?

वस्तीत काम करताना आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो, "पोराच्या अंगाला हात लावला तर चटका बसतो आणि तो म्हणतो थंडी वाजते. हे कसं?" उत्तर शरीराच्या समस्थितीत, म्हणजे होमिओस्टॅसिसमध्ये आहे. बाहेर काहीही बदलले तरी आतली ठरलेली पातळी राखायची, हे तिचे काम.

तापमानापुरती ही पातळी साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग ती ठरवतो. त्वचेतून आणि शरीराच्या आतून त्याला तापमानाची खबर सतत मिळत असते.

उन्हात अंग तापले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. पण गारवा घामाने नव्हे, घाम वाळल्याने येतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता गळून गेला तर जवळपास काहीच नेत नाही. म्हणून कोकणच्या दमट हवेत घामाच्या धारा लागूनही जीव कासावीस होतो.

थंडीत उलटे घडते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू आपोआप थरथरू लागतात आणि उष्णता तयार होते. पातळी गाठली की थरथर थांबते.

आता मलेरियाचा ताप बघू. जंतूंशी लढताना शरीरात काही रसायने तयार होतात आणि हायपोथॅलॅमस आपली पातळीच वर सरकवतो. समजा, ती ४० झाली. अंग ३८ वर आहे, म्हणजे मेंदूच्या हिशेबाने दोन अंश थंड! म्हणून तापल्या अंगाला हुडहुडी भरते. पुढे पातळी पुन्हा ३७ वर आली की तेच अंग जास्त गरम ठरते आणि दरदरून घाम फुटतो. पॅरासिटामॉल ही वर सरकलेली पातळीच खाली आणते.

उष्माघातात मात्र पातळी ३७ वरच असते. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून अंग ४० च्या वर जाते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. उन्हात राबलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघातच समजा. अंग कोरडे पडण्याची वाट पाहू नका. कष्टकऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून जोराने वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. घामाला जे जमले नाही, ते काम अशा वेळी आपल्याला बाहेरून करायचे असते.