घटकांत नसलेले दूध

दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला डार्क चॉकलेट चालेल, असे घरात सहज ठरते. पाकिटावर कोको, साखर, लेसिथिन एवढेच असते, दुधाचे नाव नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत अशी, म्हणजे घटकांत दूध न लिहिलेली, 88 डार्क चॉकलेटे होती. त्यांतल्या 51 मध्ये दूध सापडले.

हे दूध बहुतेक वेळा यंत्रातून येते. ज्या यंत्रांवर सकाळी मिल्क चॉकलेट बनते, त्यांच्यावरच दुपारी डार्क चॉकलेट बनते. मधल्या वेळात यंत्र पाण्याने धुता येत नाही, कारण पाण्याचा थोडा अंश राहिला तरी चॉकलेटच्या गुठळ्या होतात आणि ओलीत जंतू वाढतात. म्हणून नवे चॉकलेट आत सोडून जुने बाहेर ढकलतात. नळ्यांच्या वळणांत अडकलेले मिल्क चॉकलेट मग हळूहळू सुटत राहते. सुरुवातीच्या वड्यांत ते जास्त येते, नंतरच्या वड्यांत कमी. त्यामुळे ‘मागच्या वेळी खाल्ले तेव्हा काही झाले नाही’ हा पुरावा धरता येत नाही. पाकीट तेच असले तरी आतली वडी वेगळी असते.

इतक्या थोड्या दुधानेही काही मुलांना त्रास होतो, कारण ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. लॅक्टोज न पचणे हा निराळा प्रकार आहे. त्यात पोट बिघडते, जीव धोक्यात येत नाही, आणि लॅक्टोज काढलेले दूध चालते. ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही, कारण प्रथिने त्यात जशीच्या तशी असतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असते आणि ते उकळूनही फारसे बदलत नाही. बाकीचे व्हे प्रोटीन. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिने याच घडणीची असल्याने ‘शेळीचे देऊन बघा’ हा सल्ला अशा घरात धोक्याचा ठरतो.

आता मसाला चिप्सचे पाकीट मागून वाचू. पहिला घटक बटाटा, दुसरा तेल, तिसरा ‘सीझनिंग’. नजर बहुधा इथेच थांबते, पण कंस उघडा आहे: साखर, मीठ, मिल्क सॉलिड्स, मसाले. दूध असते ते याच कंसात. कधी ते व्हे पावडर, चीज पावडर किंवा सोडियम केसिनेट या नावाने येते. नारळाच्या दुधाच्या काही पावडरींत आणि ‘नॉन-डेअरी’ म्हणवणाऱ्या कॉफी क्रीमरमध्येही केसिनेट असते. उलट लॅक्टिक ॲसिड आणि कोको बटर ही नावे दुधाची वाटली तरी त्यांचा दुधाशी संबंध नसतो, त्यांना घाबरून चांगला खाऊ बंद करू नये. हिरव्या ठिपक्यावर तर मुळीच विसंबू नये, कारण आपल्याकडे दूध शाकाहारीच आहे.

घटकांच्या यादीनंतर ‘कंटेन्स’ ही ओळ शोधावी. भारताच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार घटक म्हणून दूध वापरले असेल तर ते इथे सांगावे लागते. ‘मे कंटेन मिल्क’ ही ओळ वेगळी आहे. कारखान्यात चुकून मिसळण्याची शक्यता ती सांगते, आणि ती छापण्याची मुभा आहे, सक्ती नाही. म्हणून ती ओळ नसली तर दोन शक्यता उरतात: धोका नाही, किंवा कंपनीने लिहिले नाही. ती ओळ असली तर मात्र शंका नको. वर सांगितलेल्या तपासणीत असा इशारा असलेल्या दर चार चॉकलेटांपैकी तिनांत दूध निघाले. ‘सगळेच लिहितात’ म्हणून तो इशारा सोडून देणारी घरे मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटते.

दुसरी अडचण भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की नियम पुरा होतो, मराठी सक्तीची नाही. दुपारी नातवाला खाऊ देणारी आजी हे बारीक इंग्रजी वाचणार कशी? तिच्यासाठी एक डबा वेगळा ठेवावा. आईबाबांनी वाचून पास केलेलाच खाऊ त्यात जाईल आणि पाकिटाचा मागचा भाग कापून त्याच डब्यात राहील. कंपन्या कृती बदलतात, म्हणून प्रत्येक नवे पाकीट, ओळखीचे असले तरी, पुन्हा वाचायचे. बेकरीची खारी, टोस्ट, सुटे फरसाण यांना वाचायला लेबलच नसते, तेव्हा ते या डब्यात जात नाही.

कंपनीला फोन केला तर ‘यात दूध आहे का’ एवढेच विचारून भागत नाही, उत्तर ‘नाही’ येते. ‘याच लाइनवर दुधाचा माल चालतो का, आणि मधे यंत्र कसे साफ करता’ असे विचारावे. उत्तर गोलमोल आले तर ते पाकीट घेऊ नये. आणि खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, त्यातच उलटी किंवा श्वासाला घरघर सुरू झाली, तर गोळी देऊन वाट पाहू नये. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा दवाखान्यात लगेच न्यावे, आणि ते पाकीटही सोबत घ्यावे.