शून्य कचरा प्रांगण : भाग ५
पालापाचोळ्याचे वेळापत्रक

या भागात भंगार विक्रीच्या कराराचा विचार होणार होता. परंतु जेऊरच्या महाविद्यालयासाठी मांडलेला प्रस्ताव प्राचार्यांकडे जानेवारीतच का द्यावा, जूनमध्ये का नको, ही वाचकांकडून आलेली शंका इतकी मूलगामी आहे की तिला आधी उत्तर देणे आवश्यक ठरते.

पहिले कारण कार्यालयीन आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकावर महाविद्यालय विकास समिती, म्हणजे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार नेमलेली समिती, विचार करते आणि आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे जूनमध्ये आलेल्या प्रस्तावाला स्वतंत्र तरतूद मिळणे कठीण जाते.

दुसरे कारण झाडांचे असून तेच अधिक महत्त्वाचे आहे. ओला कचरा कुजताना त्यातील पाणी शोषून घेण्यासाठी आणि थरांत हवा खेळती ठेवण्यासाठी साधारण तेवढ्याच आकारमानाचा सुका पाला लागतो. कडुनिंबासारख्या झाडांची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तर उपाहारगृह जूनअखेरीस पुन्हा भरू लागते. जागतिक पर्यावरण दिनाला, ५ जूनला, थाटात सुरू झालेल्या हौदात पाला नसतो, पावसाने कचरा चिखलासारखा होतो, आंबूस वास सुटतो आणि तक्रारी आल्या की हौद बंद पडतो.

नमुन्यादाखल, गेल्या भागातील मोजदादीत रोजचा ओला कचरा १२ किलो भरला असे धरल्यास महिन्याचे ३६० किलो, म्हणजे सुमारे ०.८ घनमीटर होतात. तितकाच चुरलेला पाला मिळवल्यास दोन घनमीटरचा एक हौद महिन्याभरात जवळपास भरतो. खत तयार होण्यास आणखी अडीच ते तीन महिने लागत असल्याने चार हौद हवेत. जून ते जानेवारी या आठ महिन्यांसाठी सुमारे साडेसहा घनमीटर पाला साठवावा लागतो. त्यासाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व सव्वा मीटर उंच जाळीचा कप्पा आणि वर ताडपत्री पुरते. बहुतेक प्रस्तावांत हाच कप्पा नसतो आणि पाला जाळला जातो.

अंदाजपत्रकात चार हौदांसाठी ४८,००० रुपये, पाल्याच्या कप्प्यासाठी ९,००० आणि कामगाराच्या अर्धवेळ मानधनासाठी दरमहा ४,००० प्रमाणे ४८,००० धरले, तर एकूण १,०५,००० होतात. बांधकामाचा दर अर्थातच स्थानिक गवंड्याकडून घ्यावा. मानधन मात्र पूर्ण बारा महिन्यांचे असले पाहिजे, कारण मे महिन्यात सोलापूर जिल्ह्याचे तापमान ४० अंशांवर जाते, पाणी न मिळालेला ढीग कोरडा पडतो आणि कुजणे थांबते.

ढिगाची प्रकृती दोन खुणांनी कळते. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंबच निघावेत. नव्या थरांत खोल खुपसलेली लोखंडी सळई काही मिनिटांनी काढली असता हाताला चांगली गरम लागावी. ती थंड लागली, तर ओल, पाला आणि हवा यांपैकी काय कमी आहे हे पाहून ढीग उलथावा.

भंगाराचा करार आता पुढील आठवड्यात. तोवर ज्यांच्या आवारात झाडलोट होते, त्यांनी पाला कोठे टाकला जातो एवढे पाहून ठेवावे.