फ्लश केलं की फरशी ओली? आधी वरचा जोड बघा

पांढरकवड्याला आमच्या घरी संडासात रोज पाणी साचायचं. आई म्हणाली, "भांडंच तडकलं असेल."

मी सगळं कोरडं पुसलं आणि अर्धा तास फ्लश केलंच नाही. फरशी कोरडीच. म्हणजे गळती फक्त फ्लश करतानाच होती. मग फ्लश पाइपच्या दोन्ही जोडांना टिश्यू गुंडाळून फ्लश केलं. टाकीखालचा टिश्यू आधी भिजला. तिथलं पाणी पाइपवरून ओघळतं, म्हणून दोष खालचा वाटतो.

कॉक बंद करून टाकी रिकामी केली, नट सोडला. आतलं निमुळतं रबरी वॉशर कडक होऊन चिरलं होतं. त्याच मापाचं नवीन घातलं, निमुळती बाजू टाकीकडे. तरी गळतंच! कारण पाइप तिरपा घुसत होता, त्यामुळे वॉशर एकीकडे दाबलं जायचं, दुसरीकडे फट राहायची.

शेवटी नवीन भोकं पाडून टाकी बोटभर सरकवली. पाइप सरळ बसला, नट हातानेच आवळला. पाच वेळा फ्लश केलं, टिश्यू कोरडा!

जोडावर पांढरं सिमेंट मात्र थापू नका. पाइप तिरपाच राहतो, आणि पुढच्या वेळी नट सुटत नाही.