समीक्षकाला नकार कळवताना

जुलै 1936. 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादकांना आइन्स्टाइन यांचे जर्मन भाषेतले पत्र आले. लेख छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी दिली नव्हती. तज्ज्ञाच्या आक्षेपांना, जे तसेही चुकीचे आहेत, उत्तर देण्याचे कारण दिसत नाही, असा त्याचा आशय. लेख त्यांनी मागे घेतला.

आजच्या संशोधकाला असे तडकाफडकी उत्तर परवडत नाही. सुधारलेल्या निबंधासोबत तो एक पत्र जोडतो. त्यात समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा त्याच्याच शब्दांत येतो, खाली उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर केला त्याची नोंद. हे उत्तर मराठीत लिहून कुणाकडून इंग्रजीत करून घेतले, की अडते ते मतभेदाच्या वाक्यापाशी.

समजा, निबंध ऊसतोड करणाऱ्या 40 महिलांच्या मुलाखतींवर आहे आणि समीक्षक संख्याशास्त्रीय कसोटी लावायला सांगतात. संशोधक लिहितो, 'समीक्षकांचा गैरसमज झाला आहे. अशी कसोटी इथे लागू होत नाही.' याचे शब्दशः इंग्रजी केले तर पहिले वाक्य थेट आरोप होते. घाबरलेला भाषांतरकार मग दुसऱ्या टोकाला जातो आणि 'परहॅप्स', 'वुई फील' असे शब्द पेरतो. त्यातून संपादकांना वाटते, लेखकाचीच खात्री नाही. आणखी एकदा आग्रह धरला तर तो कसोटी लावेल.

मुरलेला भाषांतरकार सौजन्य आणि नकार यांना वेगवेगळी वाक्ये देतो. त्याच्या इंग्रजी उत्तराचा मराठी अर्थ साधारण असा: 'सूचनेबद्दल आभार. मुलाखतींचा हेतू आमच्या मजकुरातून पुरेसा स्पष्ट होत नव्हता. या महिला एकीने दुसरीचे नाव सुचवत निवडल्या गेल्या, यादृच्छिक पद्धतीने नव्हे. त्यामुळे कसोटीचा निष्कर्ष सर्व ऊसतोड महिलांना लावता येणार नाही, आणि आम्ही ती लावलेली नाही. निवडीची ही मर्यादा आता पान 6 वर नोंदवली आहे.' गैरसमजाचा भार लेखकाने स्वतःच्या मजकुरावर घेतला; नकाराच्या वाक्यात मात्र एकही 'कदाचित' नाही, कारण त्याच्या मागे निवडीची पद्धत उभी आहे.

पण ही किमया भाषांतरकाराने परस्पर करायची नसते. मजकूर खरोखर अस्पष्ट होता का, पान 6 वर बदल झाला आहे का, हे लेखकालाच विचारावे लागते. छोटे शब्दही दगा देतात. मराठीतली 'एक शंका आहे' म्हणजे साधा प्रश्न. इंग्रजीत तिचा 'डाउट' झाला, की समोरच्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते.

आइन्स्टाइन यांचा तो लेख गुरुत्वीय लहरी नसतात असे सांगणारा होता. 1937 मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा त्यातला निष्कर्ष बदललेला होता. समीक्षकाचा आक्षेप बरोबर निघाला होता.