अळीची राणी कशी होते? मधपेटीतले अठ्ठावीस दिवस



बँकेतून निवृत्त झाल्यावर घराच्या परसात मी सातेरी माश्यांची एक पेटी ठेवली, हे आपल्यापैकी काहींना माहीत आहे. मंडळाच्या तिळगूळ समारंभाला पेटीतला थोडा मध आणला होता. तेव्हा एका सभासदांच्या नातीने विचारले, "आजोबा, राणीमाशी राणीच्याच पोटी जन्मते का?" मी "हो" म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. राणीच्याच पोटी तर पेटीतली प्रत्येक माशी जन्मते. मग हजारो बहिणींतली एकच राणी का होते? उरलेले अर्धे उत्तर मला फेब्रुवारीत, माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे नीट कळले.

एका रविवारी सकाळी मी पेटी तपासत होतो. फ्रेम परत ठेवताना घाई झाली आणि दोन फ्रेमांच्या मध्ये राणी चिरडली. आपल्या भागात, म्हणजे निपाणी, चंदगड, खानापूर पट्ट्यात, आग्या, फुलोरी आणि सातेरी अशी मोहोळे दिसतात. कानडी शेजारी सातेरीला 'तुडुवे' म्हणतात. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात, तर सातेरी अंधाऱ्या ढोलीत अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहते. अशा पेटीत अंडी घालणारी राणी एकच. ती गेली की चढत्या खात्याची आवक बंद झाली म्हणायचे. कामकरी माश्या रोज मरतच असतात, पण त्यांची जागा घेणाऱ्या नव्या येत नाहीत.

दुपारपर्यंत पेटीचा आवाज बदलला. नेहमीची शांत गुणगुण जाऊन एकसारखी घरघर सुरू झाली. राणीच्या अंगाला एक खास गंध असतो, आणि माश्या एकमेकींना स्पर्श करत, अन्न भरवत तो पेटीभर पोचवतात. तो येईनासा झाला की काही तासांत सगळ्या पेटीला राणी नाही हे समजते.

भुदरगड तालुक्यातले पाटगाव 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले आहे. त्या बाजूचे एक जुने मधपाळ माझ्या ओळखीचे आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी घाबरून फोन केला. मामा म्हणाले, "साहेब, पेटीत ताजी अंडी आणि बारीक अळ्या हाईत ना? मग राणी त्या करतील. तुम्ही फक्त बुधवारी एकदा बघा, आणि मी सांगतो तेवढंच करा."

राणी 'करतील' म्हणजे काय, हे आता सविस्तर सांगतो.

राणी दोन प्रकारची अंडी घालते. फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो. फलित अंड्यातून मादी होते, आणि ही मादी कामकरी होणार की राणी, हे अंड्यात ठरलेले नसते. तीन दिवसांनी अंडे फुटून स्वल्पविरामाएवढी पांढरी अळी बाहेर येते. तिला दाई माश्या भरवतात. दाई माश्या म्हणजे साधारण पाच ते पंधरा दिवस वयाच्या तरुण कामकरी. त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा, आंबटसर, दाट रस स्रवतो. राणीच्या अळीला मिळणाऱ्या या रसाला रॉयल जेली म्हणतात. आपल्याकडे त्याला राजान्न असाही शब्द आहे.

पहिले दोन-तीन दिवस कामकरी अळीलाही या ग्रंथींचाच रस मिळतो, पण बेताने, मोजून. त्यानंतर तिच्या ताटात मध आणि पराग येतो, आणि रस कमी होत जातो. ज्या अळीची राणी करायची ठरते, तिला मात्र शेवटपर्यंत राजान्नच मिळते, आणि तेही ती खाईल त्यापेक्षा जास्त. तिच्या रसात सुरुवातीपासून साखरेचे प्रमाणही जास्त असते. त्याने भूक वाढते, ती अधिक खाते, आणि शरीरातल्या वाढीच्या संप्रेरकाची पातळी चढते. मग पुढची सगळी घडण वेगळ्या वाटेने जाते. अंडाशये पोट भरून वाढतात. पायावरच्या परागाच्या टोपल्या तयारच होत नाहीत. कामकरी माशी काही आठवडे जगते, तर राणी वर्षानुवर्षे. दोघींची मूळ जनुके मात्र एकाच जातीची.

अन्न जनुकांपर्यंत पोचते कसे, याचा एक धागा २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना सापडला. जनुकांवर रासायनिक खुणा करून त्यांचे काम बदलणारे एक विकर असते. नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांमध्ये त्यांनी ते दाबून टाकले. पुढे त्यातल्या बऱ्याच अळ्या, खास राणीचे खाणे नसतानाही, वाढलेल्या अंडाशयांच्या राणीसारख्या माश्या झाल्या. २०११ साली जपानमधून राजान्नातले एकच प्रथिन हे सगळे घडवते असा दावा आला, पण नंतरच्या प्रयोगांत तो टिकला नाही. अन्नाचा प्रकार, त्यातली साखर, मिळणारे प्रमाण आणि मिळण्याची वेळ, या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम आहे.

यातली 'वेळ' ही बाब मला त्या बुधवारी समजली.

बुधवारी पेटी उघडली तेव्हा पोळ्यावर पाच राणीघरे दिसली. कामकरीचे घर षटकोनी आणि आडवे असते. राणीघर शेंगदाण्याच्या टरफलासारखे, तोंड खाली करून लोंबते. माश्यांनी निवडलेल्या अळ्यांची साधी घरे रुंद करून खाली वळवली होती. उलट्या घरातून अळी पडत कशी नाही, असा प्रश्न मला पडला. तिला धरून ठेवतो तो रसच. आंबटपणामुळे त्यातली प्रथिने एकमेकांत गुंफून तंतू होतात, आणि रस इतका चिकट होतो की अळी छताला चिकटून राहते. जे अन्न, तेच अंथरूण.

पाचांपैकी तीन घरे उघडी होती. आत रसाच्या थारोळ्यात लहान अळी. दोन घरांवर मात्र मेणाचे झाकण बसलेले. मला आनंद झाला, दोन राण्या पुढे गेल्या! मामा फोनवर म्हणाले, "त्या दोन मोडा."

मला पटेना. मग त्यांनी हिशेब सांगितला आणि मी तो डायरीत मांडला. अंडे तीन दिवस, अळी साधारण पाच दिवस. म्हणजे अंडे घातल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास राणीघर बंद होते, आणि पंधरा-सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. राणी मेल्यापासून तिसऱ्याच दिवशी घर बंद झाले असेल, तर रविवारी ती अळी दोन दिवसांची किंवा त्याहून मोठी होती. राणीघर बांधून भरपूर रस मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. म्हणजे तिच्या वाढीचे पहिले, महत्त्वाचे दिवस कामकरीच्या मोजक्या ताटावर गेले. अशा अळीची राणी होते, पण लहान, कमी अंडाशयाची, थोड्याच महिन्यांत थकणारी. तीन दिवस उलटून गेलेली अळी तर धड राणी ना धड कामकरी अशी होऊ शकते.

खरी अडचण पुढेच आहे. मोठी अळी वयाने पुढे, म्हणून बाहेरही आधी येणार. आणि पहिली बाहेर आलेली राणी बाकीची राणीघरे पोखरून आतल्या बहिणींना मारते. म्हणजे सर्वांत कमी पोसलेली राणी केवळ ज्येष्ठतेवर गादी बळकावते. बँकेत अशा बढत्या पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही! मामांनी हेही सांगितले की माश्या स्वतःही अशी बरीच घरे मोडून टाकतात, पण नेहमीच आणि सगळीच नाही. मी ती दोन घरे काढली. उघड्या घरांतल्या अळ्या रविवारी एखाद्या दिवसाच्या होत्या. त्या घरांतून राणी अकरा-बारा दिवसांनी, म्हणजे पुढच्या आठवड्याच्या गुरुवार-शुक्रवारी निघायला हवी होती.

शनिवारी पाहिले. एका घराचे टोक गोल कापून झाकण बिजागरीसारखे लटकत होते. राणी स्वतः बाहेर आल्याची ही खूण. बाकी दोन घरांना बाजूने भोक होते. तिथल्या राण्या मारल्या गेल्या होत्या. रिकाम्या घराच्या वरच्या टोकाला रसाचा सुकलेला थर शिल्लक होता. ही आणखी एक चांगली खूण. रस उरला, म्हणजे अळी पोटभर जेवून उठली. घर आतून कोरडे असेल तर राणी उपाशी वाढली असे समजावे.

पण कुमारी राणी म्हणजे अजून राणी नव्हे. काही दिवसांनी ती उन्हाच्या वेळी बाहेर उडते, हवेतच अनेक नरांशी मीलन करते आणि परत येते. वाटेत पक्ष्याने टिपली तर सगळे संपले, कारण पेटीत आता दुसरी राणी करायला कोवळी अळी उरलेली नसते. पावसाळ्यात राणी गेली तर नर नसतात आणि उडायला ऊनही नसते. फेब्रुवारी होता म्हणून आशा होती. या काळात पेटी उघडायची नाही, असे मामांनी बजावले होते.

अपयश आले असते तर तेही ओळखता येते. बराच काळ राणी आणि पिलावा दोन्ही नसले की काही कामकरी माश्या अंडी घालू लागतात. मग एकेका घरात दोन-तीन अंडी दिसतात, तीही तळाला नव्हे तर भिंतीला, कारण कामकरीचे पोट आखूड. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. सातेरीत नराच्या झाकणाला मधोमध बारीक छिद्र असते. कामकरींच्या घरांवर अशी उंच, छिद्राची झाकणे दिसू लागली, की पेटी हातातून गेली असे समजावे.

चुकीच्या दिवसापासून चौथ्या रविवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी, मी पेटी उघडली. माश्या निम्म्यावर आल्या होत्या. मधल्या फ्रेमवर, जुना चष्मा पुसून पाहिले, तर घराच्या तळाशी एकच पांढरे अंडे, सुईच्या टोकाएवढे. शेजारच्या घरात एक. त्याच्या शेजारी आणखी एक. राणी दिसली नाही, आणि मी शोधलीही नाही. या वेळी फ्रेम सावकाश, दोन्ही हातांनी परत ठेवली.

त्या नातीला आता पूर्ण उत्तर देता येईल. बाळ, राणीच्या पोटी सगळ्याच जन्मतात. जिला पहिल्या दिवसापासून पोटभर राजान्न मिळते, ती राणी होते. आणि कुणाला ते मिळणार, हे राणी नाही, दाई ठरवतात.