१४ तारखेनंतर गुवाहाटी बंद

आषाढ सरत आला की व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर राख्यांचे हॅम्पर दिसू लागतात. खोक्यात राखी, कुंकू-अक्षतांची पुडी, काजूकतली, ‘दादा’ असं छापलेला मग, एखादा डिओ. खाली ठळक अक्षरांत सूचना असते : ‘बाहेरगावच्या ऑर्डर अमुक तारखेपर्यंतच.’ गिऱ्हाइकाला वाटतं, घाई करायला लावण्याची ही विक्रेत्याची युक्ती. थोडी असतेही. पण घरून हॅम्पर करणाऱ्या बायका ती तारीख पंचांग आणि पिनकोड समोर ठेवून, उलटं मोजत काढतात.

२०२६ची राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, शुक्रवारी आहे. समजा, पुण्याहून गुवाहाटीला हॅम्पर जायचा आहे. रस्त्याने जाणाऱ्या खोक्याला सहा ते आठ कामाचे दिवस धरावे लागतात. पोचायचा दिवस २८ न धरता २६ धरायचा, कारण भाऊ घरी नसला, फोन उचलला नाही, तर दुसऱ्या फेरीला वाव हवा. २६पासून मागे मोजत गेलं, मधला रविवार वगळला, की खोकं १७ तारखेला, सोमवारी पुण्यातून निघायला हवं. आदला दिवस रविवार, त्याच्या आदल्या दिवशी स्वातंत्र्यदिन. म्हणजे ऑर्डर १४च्या शुक्रवारी हातात पाहिजे, सणाच्या बरोब्बर दोन आठवडे आधी. मगावर नाव छापून हवं असेल तर आणखी दोन दिवस अलीकडे. हाच हॅम्पर मुंबईला जायचा असेल तर २२ तारखेलाही चालून जातो. म्हणून सगळ्या देशाला एकच शेवटची तारीख देणारी जाहिरात दिसली की थोडं सावध व्हावं.

कुठे किती दिवस, याचा पहिला अंदाज पिनकोड देतो. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून आलेली. पहिला आकडा विभाग सांगतो : महाराष्ट्र-गोव्याला ४, बंगाल, ओडिशा आणि ईशान्येला ७. आणि ९ दिसला तर तो पत्ता लष्करी टपालाचा. भाऊ सैन्यात असेल आणि पत्त्यात ‘५६ एपीओ’ असेल, तर खासगी कुरिअर तिथपर्यंत जात नाही. तिथे टपाल खातंच हवं, आणि दिवस सढळ हाताने धरायला हवेत.

तारीख मागे खेचणारी आणखी एक गोष्ट खोक्यातच बसलेली असते : तो डिओ. ज्वालाग्राही फवारा विमानाने पाठवण्यावर कडक निर्बंध असतात, त्यामुळे तो निघाला की अख्खं खोकं ट्रकने जातं. बहीण ‘एक्स्प्रेस’चे पैसे भरते आणि हॅम्पर आरामात महामार्गाने निघतो. अत्तराच्या बाटलीचीही तीच गत. लवकर पोचायला हवं असेल तर या दोन वस्तू काढून रुमाल किंवा पाकीट घालायला सांगावं.

खर्चाची गोमही खोक्याच्या आकारात आहे. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात आणि पाच हजारांनी भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर पैसे त्याचे. ३० बाय २४ बाय १० सेंटिमीटरचं खोकं काट्यावर पाऊण किलो भरलं, तरी हिशेबात जवळजवळ दीड किलोचं होतं. कागदाच्या रंगीत किसावर बसवलेला हॅम्पर फोटोत भरगच्च दिसतो. त्या भरगच्चपणाचं भाडं बहिणीच्या बिलात येतं.

खाऊचंही पाहावं. आठ दिवसांच्या प्रवासात, पावसाळी दमट हवेत खव्याचा पेढा टिकत नाही आणि ओल्या नारळाची वडी तर नाहीच नाही. लांबच्या पत्त्याला सुकामेवा किंवा चिक्की बरी.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘पाठवलं’ या शब्दावर विसंबल्याने. विक्रेत्याने ऑनलाइन लेबल काढलं की ट्रॅकिंग क्रमांक मिळतो, खोकं मात्र अजून तिच्या दिवाणखान्यातच असू शकतं. क्रमांक टाकून पाहावा. ‘पिकअप बाकी’ अशा अर्थाची एकच नोंद दिसत असेल तर माल हललेला नाही. गाव आणि वेळ यांसह ‘स्वीकारलं’ची नोंद आली, की प्रवास सुरू झाला.

तारीख हुकलीच, तर खोक्याच्या मागे लागू नये. राखी आणि अक्षता पातळ पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवाव्यात आणि खाऊ भावाच्याच गावातल्या दुकानातून मागवावा. आणि ऑर्डर देताना पत्त्याबरोबर भावाचा चालू फोन नंबर द्यावा, स्वतःचा नव्हे. दारात उभा असलेला डिलिव्हरीवाला त्यालाच फोन करणार असतो.